बहिणीचं लग्न आणि 5 तारखेची एसआयपी

सध्या मुक्काम बबीना, झाशीजवळ. दुपारी रेंजवर बसवत नाही इतकं ऊन. बॅरकमध्ये पंखा फिरतोय आणि शेजारच्या पलंगावर आमच्या कंपनीतला एक अग्निवीर पोरगा फोनवर बापाशी बोलतोय. पोरगा बीडकडचा, वय 21. फोन ठेवला आणि मला म्हणाला, "उस्ताद, बाबा म्हणतायत सेवा निधीत ताईचं लग्न निघून जाईल."

चार वर्षांनी या पोराच्या हातात व्याज धरून सुमारे 11 लाख 71 हजार येणार. त्यातला निम्मा पैसा त्याच्याच पगारातून दरमहा कापला जातोय. चार वर्षं संपल्यावर नोकरी राहील की नाही माहीत नाही, पेन्शन तर नाहीच. आणि बापाने तो पैसा आजच मंडपवाल्याला आणि सोनाराला वाटून टाकलाय. बापाचा राग करून उपयोग नाही. त्याला दुसरा रस्ता कुणी दाखवलेलाच नाही. गावात लग्नाला दोनच रस्ते ठाऊक असतात: कर्ज काढ, नाहीतर साठवलेलं मोड.

त्या पोराला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. काही जणांना झोंबेल. झोंबू दे.

फेब्रुवारी 2025 मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, आमच्या माण तालुक्यातल्या गावी. एक रुपयाचं कर्ज नाही. आणि दर महिन्याच्या 5 तारखेला माझी जी 8,000 ची एसआयपी जाते, ती एका महिन्यासाठीही थांबली नाही. हे माझं शहाणपण म्हणून सांगत नाहीये. सहा वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीच्या लग्नात मी नेमकं उलटं केलं होतं आणि त्याचे हप्ते फेडता फेडता माझी दोन पोस्टिंगं गेली. म्हणून सांगतोय.

आधी कर्जवाल्यांचा समाचार घेतो. आमच्या युनिटमध्ये एक हवालदार आहे, हरियाणाचा, डोक्याने तल्लख. त्याचं म्हणणं असं की कर्ज 11 टक्क्यांनी मिळतं, एसआयपी 12-13 टक्के देते, मग कर्ज काढ, एसआयपी चालू ठेव, वर दोन टक्के सुटले. "ले ले यार, फौजी को तो घर बैठे मिलता है." ऐकायला झकास. त्यामुळेच हा हिशेब जास्त घातक आहे, कारण तो अडाण्याला नाही, दोन पुस्तकं वाचलेल्याला फसवतो.

5 लाख, 11 टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो सुमारे 10,870. पाच वर्षांत बँकेला जातात साडेसहा लाखांच्या वर, म्हणजे दीड लाख नुसतं व्याज. हे 11 टक्के ठरलेले आहेत, ते पहिल्या महिन्यापासून वसूल होतात. एसआयपीचे 12 टक्के कुणी लिहून दिलेत? जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,300 च्या वर होता. 23 मार्चला तो 7,610 वर बंद झाला. दोन महिन्यांत तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त गेला. पुढे तो वर आला, मान्य. पण त्या मार्चमध्ये तुमचा हप्ता एका रुपयाने तरी कमी झाला असता का?

बरं, टक्केवारी सोडा. खरी गोची वेगळीच आहे. हप्ता आणि एसआयपी दोन्ही त्याच पगारातून जातात. 10,870 आणि 8,000 मिळून झाले जवळपास 19 हजार. पहिले सहा महिने ओढाताण करून निघतात. मग घरी म्हैस आजारी पडते, पोराची फी येते, आणि दोघांपैकी एक थांबवायची वेळ येते. त्या वेळी काय थांबतं ते मला विचारा. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो, घरी माणूस येतो, सीओ साहेबांपर्यंत पत्र जाईल ही धास्ती असते. एसआयपी चुकली तर कुणी विचारत नाही. बँक परतीचा दंड कापते, आणि लागोपाठ तीन महिने खात्यात पैसे नसले की म्युच्युअल फंड ती एसआयपी आपोआप बंद करतो. एक मेसेज येतो, तोही आपण पुसून टाकतो. माझी पहिली एसआयपी अशीच मेली. मी बंद केलीच नव्हती, ती मरू दिली. "कर्ज काढून एसआयपी चालू ठेवा" म्हणणाऱ्याने हा सातवा महिना कधी बघितलेला नसतो.

दुसरे असतात ते "दोन वर्षं थांबव, काय बिघडतंय" म्हणणारे. यात घरचे मोठे आले, म्हणून जपून बोलतो. 8,000 दोन वर्षं भरले नाहीत तर हाताशी 1 लाख 92 हजार राहतात. त्यात लग्न तर होत नाहीच, फार तर बस्ता आणि जेवण निघेल. आणि तेच पैसे आत राहिले असते तर? समजा वर्षाला सरासरी 10 टक्क्यांनी वाढले, याची हमी कुणी देत नाही, पण समजा. तर आजपासून पंधरा वर्षांनी ते सव्वासात लाखांच्या आसपास असतात. आपण शिपाई माणसं चाळिशीत, फार तर पंचेचाळिशीत पेटी उचलून गावी येतो. पेन्शन येते, पण ती पगाराच्या निम्मी, आणि तेव्हाच पोरं कॉलेजला असतात. ऑफिसातला माणूस साठीपर्यंत कमावतो, त्याला दोन वर्षांचा खड्डा भरायला वेळ असतो. आपल्याला नसतो. म्हणून "दोन वर्षं थांबव" हा सल्ला दुकानदाराला चालेल, फौजीला नाही.

तिसरा प्रकार आपल्याच लंगरात भेटतो: "एएफपीपी फंडातून काढ ना, ते तर आपलेच पैसे." हो, आपलेच. लग्नासाठी काढताही येतात, अर्ज करा, युनिटमधून पुढे जातो. पण तिथे 7.1 टक्के मिळतात, तेही बिनकराचे, बाजार पडो की चढो. घरातला सगळ्यात निवांत बैल आहे तो. त्यालाच आधी बाजारात न्यायचं? अचानक आजारपण आलं, घराचं छप्पर उडालं, तर त्याच्याकडे वळा. लग्न अचानक येत नाही. बहीण दहावीत असताना तुम्हाला माहीत असतं की पाच-सात वर्षांत लग्न आहे.

आता मी काय केलं ते. यातलं सगळं तुम्हाला लागू होणार नाही.

मे 2022. सुट्टीवर होतो. बहीण पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. मी घरच्यांना बसवून म्हटलं, ताईचं शिक्षण संपलं की लग्न, म्हणजे 2025 च्या सुरुवातीला. चुलत्यांनी तिथल्या तिथे कागद घेतला आणि यादी केली: पाच तोळे, मोठं कार्यालय, वेगळ्या हॉलमध्ये साखरपुडा, डीजे, वऱ्हाडातल्या प्रत्येक पुरुषाला टोपी-टॉवेल. बेरीज आली 9 लाख 40 हजार. चुलते म्हणाले, "आता पैसे कुठून आणायचे ते तू बघ, तू मिलिटरीत आहेस."

इथेच सगळं गणित बिघडतं. यादी आधी आणि पैसा नंतर. मी ते उलटं केलं, आणि यावरून चुलते चार महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी विचारलं, एसआयपीला आणि फंडाला हात न लावता तेहतीस महिन्यांत या घरात किती जमतील? जेवढे जमतील तेवढं लग्न.

आणि जमा कुठून करायचे यासाठी एक धोरण ठरवलं. हे मला अकाउंट्सच्या एका क्लार्कने शिकवलं, त्याचे उपकार आहेत: जो पैसा कायमचा नाही, तो कायमच्या खर्चात घालू नको. त्याच ऑगस्टमध्ये माझी कंपनी तवांगच्या वर गेली. फिल्डचा आणि उंचीचा भत्ता मिळून माझ्या पे स्लिपवर महिन्याला साधारण 9,000 जादा दिसायला लागले. तिथे खर्च कसला? लंगर सरकारी, बाजार खाली दूर, नेटवर्क आलं तर आलं. पण बहुतेक जण काय करतात? घरी जास्त पाठवतात. घराला त्या जास्तीची सवय लागते, गाडीचा हप्ता सुरू होतो, आणि पीस स्टेशनला आलं की भत्ता बंद, हप्ता चालू. मी पे स्लिप घरी सांगितलीच नाही. भत्ता सुरू झाला त्याच महिन्यात 9,000 ची आरडी उघडली, 26 महिन्यांची. मुदत मुद्दाम फिल्डच्या मुदतीएवढी. 2 लाख 34 हजार भरले, व्याजासकट अडीच लाखांच्या थोडे वर मिळाले.

आरडी बँकेत का, पोस्टात का नाही, हे बरेच जण विचारतात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, आणि तीन वर्षांनंतर मुदतीआधी मोडली तर बचत खात्याचं व्याज देतात. लग्न अडीच-तीन वर्षांवर असेल तर तिचा उपयोग नाही. बँकेत हवे तेवढे महिने ठरवता येतात.

दुसरा झरा म्हणजे महागाई भत्त्याची वाढ. जुलै 2022 पासून तो 34 चा 38 झाला, मग 42, 46, 50, आणि जुलै 2024 पासून 53 टक्के. माझं बेसिक आणि एमएसपी मिळून सुमारे 41,000, म्हणजे दर 4 टक्क्यांना महिन्याला 1,640. वाढ जाहीर उशिरा होते आणि थकबाकी एकदम येते, ती तर लोक मोबाईल घेण्यात उडवतात. मी ठरवलं की मे 2022 च्या पगारात घर चालत होतं, तर वाढीशिवाय चालेल. महागाई होती, बायकोने दोनदा सुनावलं, आणि तिचं बरोबर होतं. महागाई भत्ता महागाईसाठीच असतो. तरी तेवढी तीन वर्षं दाबून काढली. लग्नापर्यंत यातून दीड लाख जमले. हे पैसे आरडीत टाकले नाहीत, वेगळ्या बचत खात्यात ठेवले, आणि ते कामाला आलं. कार्यालयवाल्याला आठ महिने आधी ॲडव्हान्स लागतो, आचाऱ्याला चार महिने आधी इसारा. सगळे पैसे आरडीत अडकले असते तर मोडून व्याज गमवावं लागलं असतं. लग्नाचा पैसा एकदम लागत नाही, तुकड्यातुकड्याने लागतो, हे घरात पहिलं लग्न करणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

तिसरं सोनं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सोनं गुंतवणूक म्हणून चांगलं की वाईट हा वाद मी करत नाही. पण पोरीच्या अंगावर तीन तोळे घालायचेच आहेत हे ठरलं असेल, तर तुमची गरज रुपयांत नाही, ग्रॅममध्ये आहे. रुपये साठवत बसाल आणि भाव पुढे पळेल. म्हणून वडिलांनी 2022 मध्येच शेरडं विकली, 60,000 आले, त्यात 12 ग्रॅम घेतलं. पुण्यात कंपनीत असलेला धाकटा भाऊ महिन्याला 4,000 बाजूला ठेवायचा. तीन महिन्यांनी 12,000 झाले की दोन ग्रॅमची वेढणी. सुरुवातीला चार पैसे उरायचे, शेवटी शेवटी कमी पडायचे. सप्टेंबर 2024 पर्यंत 30 ग्रॅम पुरे झाले, एकूण 1 लाख 72 हजारांत. लग्नाच्या महिन्यात 24 कॅरेटचा भाव 10 ग्रॅमला 85,000 च्या वर होता. तेवढ्याच सोन्याला अडीच लाखांहून जास्त लागले असते.

यात एक तोटा झाला तोही सांगतो. वेढणी देऊन दागिना घडवताना दागिन्यावर पुन्हा मजुरी आणि जीएसटी द्यावा लागला, आणि सुरुवातीच्या एका वेढणीवर सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी नव्हता म्हणून सोनाराने घट धरली. तेव्हा घेताना तो कोड बघून, पक्की पावती घेऊनच घ्या. सोनाराकडे महिन्याला पैसे भरायच्या योजनेत मी गेलो नाही. तिथे सोनं आपल्या पेटीत नसतं, त्याच्या वहीत असतं.

तर आरडी 2 लाख 52 हजार, भत्त्याची वाढ दीड लाख, सोनं 1 लाख 72 हजार. एकूण 5 लाख 74 हजार. चुलत्यांच्या यादीपेक्षा साडेतीन लाखांहून जास्त कमी. आता कात्री.

पाच तोळ्यांचे तीन आधीच झाले होते. साखरपुडा आणि हळद दारातच, एकाच मंडपात, दोन्ही मिळून 45,000. कार्यालय तालुक्याचं नाही, शेजारच्या गावातलं साधं, मंडप-भाड्यासकट 60,000. जेवण 700 माणसांचं, पानाला 180 प्रमाणे 1 लाख 26 हजार. बुंदी, वांग्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा. बस्ता 65,000, तो फक्त दोन्ही घरच्या जवळच्यांचा, टोपी-टॉवेलला फाटा. संसाराची भांडी, कपाट, मिक्सर 60,000. फोटो, पत्रिका, भटजी, गाड्या, साधा बँड 40,000. सोनं धरून बेरीज 5 लाख 68 हजार. डीजे नाही. 6,000 उरले, ते बहिणीच्याच हातात दिले.

टोपी-टॉवेलवरून भावकीत बोलणं झालं. कुणीतरी म्हणालं, "हवालदाराला बहिणीपेक्षा शेअरबाजार जास्त." हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतोय. मे 2020 मध्ये सरकारने 50 माणसांत लग्नं लावायला सांगितलं तेव्हा आमच्या गावात किती लग्नं लागली? त्यातलं एक तरी टोपी-टॉवेलावाचून मोडलं का? तेव्हा नियम होता म्हणून मान गेला नाही, आज आपण स्वतः नियम केला तर मान जातो. आणि मान राखायचा तो 200 रुपयांच्या टॉवेलाने, ज्याची घडी कुणी मोडत नाही, पुढच्या लग्नात तोच फिरतो. माझा राग भावकीवर कमी आणि आपल्या फौजी भावांवर जास्त आहे. गावात आपणच रेट वाढवलाय. एका जवानाने डीजे लावला की दुसऱ्याला दोन लावावे लागतात, कारण दोघांनाही फोनवर कर्ज मिळतं. शेतकऱ्याला ते मिळत नाही, मग तो आपल्या बरोबरीला येण्यासाठी जमीन गहाण टाकतो.

एक स्थळ आम्ही सोडलं हेही सांगायला हवं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पण बोलणी संपताना "गाडीचं तेवढं बघा" असं पिल्लू सोडलं. हुंडा मागणं आणि देणं दोन्ही 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण आम्ही कायदा काढला नाही, उठून आलो. तिथे थांबलो असतो तर वरचा सगळा हिशेब फाडून टाकावा लागला असता. आई आठ दिवस रडली. पुढच्या दिवाळीत दुसरं स्थळ आलं.

आता ज्यांचं लग्न सहा महिन्यांवर आलंय आणि हातात काहीच नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे जादू नाही. तेहतीस महिने होते म्हणून मला जमलं. फिल्डचा भत्ता होता, भाऊ कमावता होता, शेरडं होती. सहा महिन्यांत फक्त यादी छोटी होते, दुसरं काही होत नाही. तेवढ्यात जे जमेल त्यात दारात लग्न लावा, पण फोनवरच्या त्या गोड आवाजाला "हो" म्हणू नका.

बीडच्या पोराचं म्हणाल तर त्याची ताई आता बारावीला आहे. काल रात्री आम्ही दोघांनी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. हातात पडणाऱ्या पगारातून तो 3,000 ची आरडी काढू शकतो, बाप दुधातून 2,000 देईल असं त्याला वाटतं. चार वर्षांचे होतात 2 लाख 40 हजार, व्याज वेगळं. सेवा निधीला त्यात धरायचं नाही, असं त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आज दुपारी बापाला तेच सांगत होता. बाप काय म्हणाला विचारलं तर म्हणे, "उस्ताद, बाबा म्हणाले तुझ्या हवालदाराला फोन दे."

रविवारी बोलायचं ठरलंय.